नोटीस छापण्याआधी
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषणाचा मजकूर)



बँकेत जन्मभर चेकवरचे आकडे अक्षरांशी ताडून पाहिले. निवृत्त होऊन नारायणगावात राहायला आलो, तर सेक्रेटरींनी वार्षिक सभेची नोटीस हातात दिली. म्हणाले, "काका, जरा नजर टाका." तेव्हापासून हे काम मला चिकटले ते चिकटलेच.

2023 ची नोटीस सांगतो. कच्च्या प्रतीत होते, 'रविवार, दि. 25 सप्टेंबर 2023'. मागल्या वर्षीची फाईल उघडून नुसते साल बदलले होते. 2022 मध्ये 25 ला रविवार होता, 2023 मध्ये सोमवार. आपली बरीच मंडळी चाकणला, पुण्याला कामाला. निम्मे रविवारी आले असते, निम्मे सोमवारी रजा काढून!

सभा रविवारी 24 ला धरली. पुढचा रविवार 1 ऑक्टोबरचा, आणि सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. मग नोटीस कधी वाटायची? उपविधीप्रमाणे पूर्ण 14 दिवस मध्ये जायला हवेत. सेक्रेटरी म्हणाले, "10 तारखेला वाटू. 24 मधून 10 गेले, 14 राहिले." पण वाटण्याचा दिवस आणि सभेचा दिवस, दोन्ही धरायचे नसतात. 11 ते 23 बोटांवर मोजून दाखवले, तेरा भरले. नोटीस 9 तारखेलाच घरोघरी गेली.

दुसरी गंमत क्रमांकांची. लेखापरीक्षक नेमण्याचा विषय राहिला होता, तो ऐनवेळी चौथा घातला. खालचे विषय एकेक पुढे सरकले, पण मागच्या पानावरच्या मसुद्यात 'विषय क्र. 5 नुसार गच्चीची दुरुस्ती' तसेच राहिले. आता पाचवा विषय होता पार्किंगचा. म्हणून विषय घातला की मी मागचे पान पुन्हा पहिल्यापासून वाचतो.

खरा घोळ शब्दांत होता. विषय लिहिला होता, 'गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबाबत चर्चा करणे.' समितीच्या मनात मात्र प्रत्येक सदनिकेकडून 12,000 रुपये घ्यायचे होते. चर्चा म्हटल्यावर पेन्शनवरच्या आजी घरीच बसणार, आणि पुढच्या महिन्याच्या बिलात बारा हजार दिसल्यावर विचारणार, "मला कुणी सांगितलं होतं?" त्यांचे काय चुकले? आयत्या वेळच्या विषयांत घालू म्हणालात तर तेही तसेच, नोटिशीत नसलेले पैसे कुणी कसे मंजूर करायचे?

शिवाय मसुद्यात 'सर्वानुमते मंजूर करण्यात आले' असे आधीच छापलेले! सभा व्हायची आहे अजून. आम्ही लिहिले, 'गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी 24 सदनिकांकडून प्रत्येकी रु. 12,000 (अक्षरी रुपये बारा हजार फक्त), एकूण रु. 2,88,000, तीन समान हप्त्यांत घेण्याच्या प्रस्तावावर विचार करून निर्णय घेणे.'

त्या वर्षी आजी सभेला आल्या. तीनाचे सहा हप्ते करून घेऊनच उठल्या.