गोळी आधी की रक्त आधी?

समजा, वेळणेश्वरची एक 22 वर्षांची मुलगी. लहानपणी संधिवाताचा ताप येऊन गेला, त्यात हृदयाची एक झडप खराब झाली. आता 15 दिवस रोज बारीक ताप येतोय. कुणीतरी म्हणतं, मेडिकलमधून अँटिबायोटिक आण की! माझ्या मते घोळ होतो तो इथेच.

खराब झडप खडबडीत असते. तिच्यावर रक्ताची बारीक गुठळी धरते आणि दातांच्या वाटेने रक्तात शिरलेले जंतू त्या गुठळीत घर करतात. हा एंडोकार्डायटिस. तिथून जंतू सतत रक्तात सुटतात, म्हणून रक्त घ्यायला ताप चढायची वाट बघावी लागत नाही. पण चार गोळ्या पोटात गेल्या की रक्तातले जंतू दबतात, झडपेतले जिवंतच राहतात. रिपोर्ट कोरा येतो आणि ताप परत येतो.

म्हणून औषधाआधी तीनदा रक्त घेतात, दरवेळी वेगळ्या जागी टोचून. पहिल्या आणि शेवटच्या वेळेत निदान तासाभराचं अंतर. दरवेळी दोन बाटल्या, प्रत्येकीत 8 ते 10 मिली. तीनदा कशाला? कातडीवरचा जंतू चुकून एखाद्या बाटलीत जाऊ शकतो. तिन्ही वेळा तोच निघाला, तर तो रक्तातलाच. मग नेमकं औषध ठरतं, आणि ते बहुधा 4 ते 6 आठवडे शिरेतून चालतं.

पेशंट फारच खालावला असेल तर तासभर थांबत नाहीत. लागोपाठ रक्त घेऊन लगेच औषध सुरू करतात.

आणि गोळ्या आधीच घेतल्या असतील, तर रिकामं पाकीट डॉक्टरांना दाखवा. लपवू नका.