दात पडले आणि कीड ‘कमी’ झाली

आजचा विषय शाळेत मुलांकडून रोज समोर उभं राहून ब्रश करून घ्यायचा आणि वर्षातून दोनदा दातांना फ्लोराइड वार्निश लावायचं, हा. पेस्ट वाटाण्याएवढी, घासून झाल्यावर फक्त थुंकायचं, चूळ भरायची नाही. इथवर सोपं आहे. गडबड होते ती ‘फरक पडला का?’ विचारल्यावर.

मोजमाप असं असतं: किडलेले, किडीमुळे काढलेले आणि भरलेले दुधाचे दात मोजायचे, मुलांच्या संख्येने भागायचं. आता समजा, चाकणजवळच्या एका शाळेत पहिलीतली 100 मुलं तपासली. असे दात निघाले 300, म्हणजे सरासरी 3. दोन वर्षांनी पुन्हा तपासलं तर सरासरी 2.4. अहवालात लगेच येतं, कीड 20 टक्के घटली! फोटो वगैरे छापून येतात.

पण दुसऱ्या वेळी वर्गात मुलं किती होती? 70. चाकण पट्ट्यात कंत्राट संपलं की खोली बदलते, खोली बदलली की शाळा. गेलेल्या 30 जणांचे किडके दात होते 132. राहिलेल्या 70 जणांचे सुरुवातीलाच 168, म्हणजे सरासरी 2.4. तीच! घट कुठे झाली?

आणखी खोलात जाऊ. सहा ते आठ या वयात पुढचे दुधाचे दात आपोआप पडतात. समजा, या 70 मुलांचे 40 किडके दात असे पडून गेले आणि दुसऱ्या 40 दातांना नवी कीड लागली. बेरीज पुन्हा 168. त्या 40 नव्या किडी सरासरीत दिसतच नाहीत. म्हणून मी सांगते, प्रत्येक मुलाच्या प्रत्येक दाताची नोंद ठेवा आणि त्याच मुलांची नवी कीड मोजा. साधारण सहाव्या वर्षी मागे येणारी पक्की दाढ वेगळी बघा. ती पडणार नसते, त्यामुळे फसवत नाही.

एवढं करूनही ‘हे वार्निशमुळेच’ म्हणता येत नाही. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांत ब्रशिंग आधीच चालू होतं. तिथे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मुलांचे दोन गट केले, एकालाच बालवाडीत वार्निश लावलं. दोन वर्षांत कीड वाढली ती वार्निशवाल्यांपैकी सुमारे 27 टक्के मुलांत, दुसऱ्या गटात 32 टक्क्यांत. हा फरक योगायोगानेही पडू शकतो एवढाच. पण म्हणून वार्निश निकामी ठरत नाही हं! प्रश्न होता, रोजच्या ब्रशिंगवर त्याची भर किती पडते. जिथे रोजचं ब्रशिंगच नाही, तिथलं उत्तर वेगळं येऊ शकतं.

आपल्याकडे पिंपरी-चिंचवडच्या शाळांत हे करायचं तर सोपा मार्ग आहे. सगळीकडे एकदम सुरू करायला माणसं नसतातच. मग निम्म्या शाळा चिठ्ठीने निवडून यंदा घ्या, उरलेल्या दोन वर्षांनी. तोवर दोन्हीकडचे दात तपासा, आणि तपासणाऱ्याला कुठली शाळा कुठल्या यादीत आहे ते सांगू नका.