जर्मलचं पातेलं काळं का पडतं आणि चिंचेनं लख्ख का होतं?

आज ॲल्युमिनियमच्या भांड्यांबद्दल बोलायचं आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्याला अजूनही जर्मलचं भांडं किंवा जर्मनचं भांडं म्हणतात. नाव चिकटलं ते चिकटलं. मी धातूंच्या पृष्ठभागावर प्रक्रिया करण्याच्या क्षेत्रात काम केलं आहे. त्यामुळे ओळखीचे लोक मला दोनच प्रश्न विचारतात. पहिला, भांडं काळं पडलंय, ते विषारी झालं का? आणि दुसरा, ते काळं-करडं ॲनोडाइज्ड भांडं महाग असतं, ते घ्यावं का?

सुरुवात कुकरपासून करू या. साध्या ॲल्युमिनियमच्या नव्या कुकरमध्ये तळाशी पाणी घालून वरणभाताचे डबे लावले, की चार-आठ दिवसांत आतला भाग काळपट होतो. नीट बघा, तो काळेपणा पाण्याच्या पातळीपर्यंतच जास्त गडद असतो. अन्न तर डब्यात आहे, त्याचा कुकरच्या भिंतीशी संबंधच आलेला नाही. म्हणजे काळं केलं ते नुसत्या पाण्यानं. आणि यावरचा उपाय आपल्या घराघरांत ठाऊक आहे: त्या पाण्यात लिंबाची पिळलेली फोड किंवा चिंचेचं बुटूक टाकायचं. मग कुकर पांढरा राहतो. हा उपाय का चालतो हे कळलं, की बाकीचं सगळं आपोआप उलगडतं.

ॲल्युमिनियम हा मुळात फार चटकन प्रतिक्रिया करणारा धातू आहे. तरी तो टिकतो, कारण हवा लागताक्षणी त्याच्यावर स्वतःच्याच ऑक्साइडचा एक पारदर्शक पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो. एका मायक्रॉनचे हजार भाग करा, त्यातले तीन-चार भाग घ्या, एवढा पातळ. ओरखडा काढलात तर तिथं लगेच नवा तयार होतो. लोखंडाचा गंज सुटून पडतो, हा पापुद्रा मात्र घट्ट बसतो आणि खालच्या धातूला राखतो.

पण या राखणदाराला दोन शत्रू आहेत, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध टोकाला आहेत. एका बाजूला आम्ल, म्हणजे आंबट. दुसऱ्या बाजूला अल्क, म्हणजे सोडा, खार, राख. पाण्याचा पीएच साधारण ४ ते ८.५ या दरम्यान असेल तोवर पापुद्रा सुखरूप राहतो. त्याच्या खाली किंवा वर गेलात, की तो विरघळू लागतो.

आता कुकरमधलं पाणी बघा. विहिरीच्या, बोअरच्या किंवा नळाच्या पाण्यात बायकार्बोनेटचे क्षार असतात. पाणी उकळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पाणी अल्काकडे झुकतं. गरम, किंचित अल्कधर्मी पाण्यात तो मूळचा पातळ पापुद्रा बदलतो. त्याच्या जागी पाणी धरून ठेवणारा, जाडसर, खडबडीत थर वाढतो. भांड्याच्या ॲल्युमिनियममध्ये थोडं लोह आणि सिलिकॉन असतंच, त्याचे कण या थरात अडकतात. असा थर प्रकाश सरळ परत फेकत नाही, म्हणून तो आपल्याला करडा-काळा दिसतो. लिंबाच्या फोडीनं पाणी अल्काकडे जाऊच दिलं जात नाही, म्हणून थर वाढत नाही. बोअरचं पाणी वापरणाऱ्यांचे कुकर जास्त लवकर काळे होतात, त्याचंही कारण हेच.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं, की काळं पडलेलं भांडं विषारी नाही. उलट तो जाड थर खालच्या धातूला थोडंफार झाकतोच. घाबरायचंच असेल तर उलट्या गोष्टीला घाबरा. काळ्या पातेल्यात तुम्ही चिंचेची आमटी केली, टोमॅटोचं सार उकळलं, आणि पातेलं रिकामं केल्यावर आतून लख्ख निघालं, तर तो काळा थर कुठं गेला? घासणीला तर तुम्ही हातही लावला नाही. तो आमटीत गेला. आंबटानं थर विरघळवला आणि खालचा थोडा धातूही नेला. लख्ख भांड्याकडे बघून आपल्याला बरं वाटतं, पण ती चमक आमटीच्या खर्चानं आलेली असते.

सगळं आंबट सारखं नसतं, हे मात्र लक्षात ठेवा. ताक आणि दही यांचा पीएच साधारण ४ ते ४.५, टोमॅटोचाही त्याच्याच आसपास. हे सीमेवरचे गडी. लिंबू आणि चिंच पार २ ते ३ पर्यंत खाली जातात. शिवाय लिंबातलं सायट्रिक आम्ल, चिंचेतलं टार्टारिक आम्ल आणि अळू-पालकातलं ऑक्झॅलिक आम्ल नुसतं आंबट नसतं. ते ॲल्युमिनियमला पकडून धरतं आणि द्रावणात ओढून नेतं. म्हणून चिंच घातलेलं अळूचं फदफदं हे साध्या ॲल्युमिनियमसाठी जवळजवळ सर्वांत वाईट जोडी आहे. त्यात मीठ आलं की आणखी एक भर पडते. मिठातलं क्लोराइड पापुद्र्याला ठिकठिकाणी भोक पाडतं. रात्रभर आमटी पातेल्यात राहिली, की सकाळी तळाला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि त्यात पांढरी भुकटी असते. नख फिरवलं तर लागतात. असे खड्डे खोल होत गेले की एक दिवस पातेलं गळतं.

म्हणजे प्रमाण किती? एक हिशेब करून बघू. २० सेंटिमीटर व्यासाचं पातेलं घ्या, त्यात १० सेंटिमीटर उंचीपर्यंत आमटी आहे. तळ आणि भिंत मिळून आमटीला लागणारा पृष्ठभाग साधारण ९४० चौरस सेंटिमीटर होतो. त्यावरून एक मायक्रॉन जाडीचा धातू निघाला, तर ॲल्युमिनियमची घनता २.७ धरून वजन येतं सुमारे २५० मिलिग्रॅम. पाव ग्रॅम. डोळ्याला काही दिसणार नाही, काट्यावर कळणार नाही. आता दुसरी बाजू. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं २०११ साली आठवड्याची सह्य मर्यादा शरीराच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम ठरवली. ६० किलोच्या माणसाला आठवड्याला १२० मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २००८ साली याच्या निम्मी मर्यादा धरली होती.

या आकड्यांचा अर्थ असा, की एका वेळच्या आमटीत एक मायक्रॉन विरघळत नाही, त्याचा काही अंश विरघळतो, आणि ती आमटी चार माणसं खातात. पंधरा मिनिटं उकळून दुसऱ्या भांड्यात काढली, तर काळजीचं कारण नाही. रोज आंबट शिजवायचं, तासभर मंद आचेवर ठेवायचं आणि उरलेलं त्याच भांड्यात दुसऱ्या दिवसापर्यंत सोडायचं, असं तिन्ही एकत्र आलं की हिशेब बदलतो. लहान मुलाचं वजन १५ किलो, म्हणजे त्याची मर्यादाही तेवढीच कमी. पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी एक टक्क्याहूनही बराच कमी भाग रक्तात जातो आणि तो मूत्रपिंड बाहेर टाकतं. म्हणून ज्यांचं मूत्रपिंड नीट काम करत नाही, त्यांच्या घरी साध्या ॲल्युमिनियममध्ये आंबट शिजवू नये, असं मी स्पष्ट सांगतो. अल्झायमरची भीती मात्र पुष्कळ पसरवली जाते. स्वयंपाकाच्या भांड्यांमुळे तो होतो, असं सिद्ध झालेलं नाही.

आता ॲनोडाइज्डकडे येऊ. पुष्कळांना वाटतं की हा एक प्रकारचा रंग किंवा कल्हई आहे. कल्हईत पितळेवर कथलाचा, म्हणजे वेगळ्या धातूचा, हात फिरवतात. इथं बाहेरून काहीच लावलेलं नसतं. भांडं सौम्य केलेल्या सल्फ्युरिक आम्लात बुडवतात आणि विजेच्या धन टोकाला जोडतात. मग भांड्याच्या स्वतःच्या धातूचाच ऑक्साइड होत जातो, निम्मा आतल्या बाजूला आणि निम्मा बाहेर. म्हणून तो पोपडा होऊन सुटत नाही. तापमान शून्य अंशाच्या आसपास ठेवून जास्त वीज सोडली, की थर दाट आणि कठीण होतो. यालाच हार्ड ॲनोडायझिंग म्हणतात. त्याची जाडी २५ ते ५० मायक्रॉन, कधी त्याहून जास्त. म्हणजे निसर्गानं दिलेला तोच पापुद्रा, दहा हजार पट जाड केलेला. काळा-करडा रंगही त्या जाडीतून आणि मिश्रधातूतूनच येतो.

याचा उपयोग नेमका आंबटासाठी आहे. सांबार, सार, कढी, आंबाडीची भाजी, टोमॅटोची ग्रेव्ही जर रोजची असेल, तर ॲनोडाइज्ड घ्या. भात, डाळ, दूध, बटाटे एवढंच शिजत असेल, तर साधं ॲल्युमिनियम चालतं, जास्त पैसे घालण्याचं कारण नाही. आणि लोणचं, चिंचेचा कोळ, कैरीचं पन्हं साठवायचं असेल तर दोन्ही नकोत, काच किंवा चिनी मातीची बरणी घ्या. जाड झाला तरी तो ऑक्साइडच, दिवसेंदिवस आम्लात ठेवला तर तोही झिजतो.

अल्काचं तर त्याला जास्तच वावडं आहे. धुण्याचा सोडा, राख, डिशवॉशरची पावडर यांनी ॲनोडाइज्ड भांडं फिकट, पांढुरकं होतं. मी पाहिलेल्या बिघडलेल्या भांड्यांपैकी बहुतेक आंबटानं बिघडली नव्हती, घासण्यानं बिघडली होती. मऊ घासणी आणि साधा भांड्यांचा साबण पुरतो. रिकामं भांडं मोठ्या आचेवर विसरू नका. धातू थरापेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि थराला केसासारख्या चिरा जातात.

दुकानात घेताना एक गोष्ट बघा. काही भांडी बाहेरून हार्ड ॲनोडाइज्ड आणि आतून नॉनस्टिक असतात. तिथं अन्नाला लागतो तो नॉनस्टिकचा थर, मग त्याचे नियम पाळायचे. काही स्वस्त भांड्यांना नुसता करडा रंग असतो. घरात इलेक्ट्रिशियनचा मल्टिमीटर असेल तर तो कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोकं आतल्या पृष्ठभागाला हलकेच टेकवा. साधं ॲल्युमिनियम वीज वाहतं, त्यामुळे बीप वाजतो. ॲनोडाइज्ड थर वीज अडवतो, बीप वाजत नाही. नॉनस्टिक आणि रंगही वीज अडवतात, तेव्हा ही चाचणी आतून नॉनस्टिक नाही याची खात्री करूनच करायची. जोरात दाबू नका, टोक थरात घुसेल.

हीच चाचणी जुन्या भांड्यालाही लावता येते. दहा वर्षं वापरलेल्या कढईच्या तळाला, कालथा जिथं सतत फिरतो तिथं, एखादा चकचकीत चंदेरी डाग दिसला आणि तिथं बीप वाजला, तर तेवढ्या भागातला थर संपला आहे. ती कढई टाकून द्यायला नको. पोहे, उपमा, सुक्या भाज्या तिच्यात खुशाल करा. चिंच-कोकमाचं तेवढं दुसऱ्या भांड्यात.