पंखा आणि गच्ची

घरे बांधण्याच्या, दुरुस्त करण्याच्या व्यवसायातील मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षीय भाषणात सगळ्या विषयांना हात लावून जावे अशी आपल्याकडे रीत आहे. मी आज ती मोडणार आहे आणि एकाच खोलीबद्दल बोलणार आहे. इमारतीचा शेवटचा मजला, वर उघडी गच्ची, खोलीच्या मधोमध अठ्ठेचाळीस इंची पंखा. मे महिना, नागपूर, रात्रीचे दहा. या खोलीत राहणाऱ्यांची तक्रार तुम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे : "पंखा नुसती गरम हवा फेकतो." मग पंखा बदलला जातो, कॅपॅसिटर बदलला जातो, शेवटी कर्ज काढून एसी लावला जातो. गच्चीकडे मात्र कोणी बघत नाही.

खोलीत राहणाऱ्याचे म्हणणे अगदी बरोबर असते. पंखा हवा थंड करत नाही, तो माणसाला थंड करतो. अंगाभोवती साचलेला ऊबदार, दमट हवेचा थर तो बाजूला सारतो, त्यामुळे घाम लवकर वाळतो आणि कातडीची उष्णता निघून जाते. हवा कातडीपेक्षा थंड असेल तर हे दुहेरी काम होते. कातडीचे तापमान साधारण पस्तीस अंश असते. हवा त्याच्या वर गेली की वारा उलट अंगाला उष्णता देऊ लागतो, आणि सगळी भिस्त घामावर उरते. नागपूरच्या कोरड्या हवेत घाम भराभर वाळतो म्हणून तिथेही पंखा उपयोगी पडतो, पण तो पाणी पिणाऱ्या धडधाकट माणसाला. म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, आणि त्याच्यावर छत्तीस-सदतीस अंशांचा वारा सोडणे म्हणजे उपचार नव्हे.

आता वर बघा. पाच इंची स्लॅब आणि त्यावर जलरोधनाचा ब्रिकबॅट कोबा. दुपारी त्याच्यावर दर चौरस मीटरला नऊशे ते हजार वॉट ऊन पडते, आणि गच्ची अनवाणी चालता येणार नाही इतकी तापते. ती उष्णता कोबा आणि स्लॅब ओलांडून खाली यायला काही तास लागतात. म्हणून ऊन उतरल्यावर खोलीला खरी झळ लागते, आणि संध्याकाळी स्लॅबची खालची बाजू हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेली असते. ही झळ प्रारणाने येते. तिला हवेची गरज नाही, आणि वाऱ्याने ती अडत नाही. पंखा तासभर फिरवा, स्लॅबकडून तुमच्या अंगाकडे येणारी झळ होती तशीच येते.

त्यात आणखी एक भर आहे. गरम हवा हलकी म्हणून स्लॅबखाली साचून राहते. पंखा तिला ढवळून खाली आणतो, आणि स्लॅबच्या पोटाला वारा लागल्याने स्लॅबमधली उष्णता खोलीच्या हवेत जास्त वेगाने उतरते. म्हणून तापलेल्या स्लॅबखाली पंखा काही अंशी आपल्याच कामावर पाणी ओततो. "गरम हवा फेकतो" ही तक्रार म्हणजे या प्रकाराचे नेमके निरीक्षण आहे.

हे आकड्यात मांडायचे साधन आपल्या देशातच तयार झाले आहे, आणि आपण ते विसरलो आहोत याची मला खंत वाटते. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेतील एम. आर. शर्मा आणि शराफत अली यांनी १९८६ मध्ये ‘ट्रॉपिकल समर इंडेक्स’ प्रसिद्ध केला. त्याचे सोपे रूप तोंडपाठ होण्यासारखे आहे. ओल्या तापमापकाच्या वाचनाचा एक तृतीयांश घ्या, त्यात काळ्या गोळ्याच्या तापमापकाच्या वाचनाचा तीन चतुर्थांश मिळवा, आणि वाऱ्याच्या वेगाच्या वर्गमुळाची दुप्पट वजा करा. वेग सेकंदाला मीटरमध्ये. उत्तर २५ ते ३० च्या दरम्यान आले तर माणसाला बरे वाटते. काळा गोळा हवाही मोजतो आणि भोवतालची झळही, म्हणून छताचा हिशेब त्या गोळ्यात येतो आणि पंख्याचा वर्गमुळात.

आपली खोली या हिशेबात घालू. आकडे मी उदाहरणादाखल धरले आहेत, पण अशा खोलीत ते चकित करणारे नाहीत. हवा ३६, स्लॅबचे पोट ४३, गोळा ३८, ओला तापमापक २१. पंखा बंद असेल तर उत्तर येते साडेपस्तीस. पंखा लावला, पलंगावर सेकंदाला एक मीटर वारा आला, तर साडेतेहतीस. म्हणजे पंख्याने दोन अंश दिले. आता गच्चीवर उष्णतारोधक थर घातला असे धरा. स्लॅबचे पोट ३५ वर आले, हवा ३४ वर, गोळा साडेचौतीसवर. पंख्याविना उत्तर सुमारे तेहतीस, पंख्यासह सुमारे एकतीस. अजून एक अंश जास्तच आहे, हे मी लपवत नाही. पण एकतीसला झोप लागते आणि साडेपस्तीसला माणूस गच्चीवर गादी घेऊन जातो.

आता उलट प्रश्न विचारा. गच्चीला हात न लावता केवळ पंख्याच्या जोरावर साडेपस्तीसचे एकतीस करायचे तर वारा किती लागेल? वर्गमुळामुळे तो सेकंदाला पाच मीटरच्या वर जातो, म्हणजे ताशी अठरा-एकोणीस किलोमीटर. त्या वाऱ्यात पांघरूण टिकणार नाही, आणि घरातला कुठलाही छताचा पंखा तो देऊ शकणार नाही. पहिला एक मीटर वारा दोन अंश देतो, पुढचे दोन अंश मिळवायला वारा चौपट लागतो. पंख्याची मर्यादा या वर्गमुळात आहे. गच्चीची मर्यादा वेगळी : ती घाम वाळवू शकत नाही. दोघांपैकी एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

गच्चीवर काय घालायचे? नुसता कोबा हा रोधक नव्हे, तो वजन आहे. स्लॅब आणि कोबा मिळून उष्णता पार होण्याचा दर, म्हणजे यू-मूल्य, सव्वादोन ते अडीचच्या आसपास येतो. २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने निवासी छतासाठी कमाल मर्यादा १.२ ठेवली. म्हणजे आपली नेहमीची गच्ची त्या मर्यादेच्या दुप्पट उष्णता आत घेते. कोब्याखाली दोन इंच एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीन घातले की हा दर ०.५ च्या जवळ येतो. वरून पांढरा चायना मोझॅक किंवा परावर्तक रंग दिला तर ऊन मुळातच कमी शिरते. मात्र पांढरा रंग धुळीने काळवंडतो, म्हणून उन्हाळ्याआधी गच्ची धुवायची ही अट त्यातच आली.

थर स्लॅबच्या वर हवा, खाली नको, असे माझे स्पष्ट मत आहे. खाली लावला तर स्लॅब उन्हात तसाच तापत-निवत राहतो, पॅरापेटशी भेगा पडतात, आणि स्लॅबचे वजन खोलीच्या उपयोगाचे राहत नाही. वर लावला तर तोच स्लॅब सावलीत बसतो. आपल्या मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या पांढऱ्या मातीच्या धाब्यांनी आणि माळवदांनी हेच काम मातीच्या जाडीने केले होते.

एक धोक्याची सूचना. उघडा स्लॅब रात्रभर आकाशाकडे उष्णता टाकून पहाटे निवतो. रोधक थर घातला की तो रस्ता बंद होतो. मग रात्री खिडक्या उघड्या ठेवून बाहेरची थंड हवा आत खेळवलीच पाहिजे. खिडक्या बंद ठेवल्या तर थर घातलेली खोली पहाटे शेजारच्या खोलीपेक्षा गरमही वाटू शकते, आणि घरमालक तुम्हाला बोल लावील.

पंख्याबद्दलही दोन शब्द. पाती छतापासून निदान फूटभर खाली हवीत. फॉल्स सीलिंग केल्यावर दांडी तोकडी करून पाती छताला चिकटवली जातात, मग पंख्याला वरून हवा ओढता येत नाही आणि झोत मरतो. झोत जोरात असतो तो पात्यांच्या खाली. पलंग कोपऱ्यात आणि पंखा मधोमध असेल तर वरच्या हिशेबातला एक मीटर वारा पलंगापर्यंत पोहोचतच नाही. पंख्याची जागा फर्निचरच्या नकाशावर ठरवा, कर्णांच्या छेदबिंदूवर नव्हे. आणि खोलीतून उठताना तो बंद करा. रिकाम्या खोलीत पंखा म्हणजे पंचाहत्तर वॉटचा लहानसा हीटर.

आता ‘ॲडॅप्टिव्ह कम्फर्ट’कडे येतो. या कल्पनेचा आपल्याकडे गैरवापर सुरू झाला आहे. डेन्मार्कच्या फँगर यांनी १९७० मध्ये प्रयोगकक्षातील माणसांवरून सुखद तापमानाचे समीकरण दिले, आणि जगभरची एसी कार्यालये त्यावर चालू लागली. हम्फ्रीज आणि निकोल, पुढे १९९८ मध्ये डी डिअर आणि ब्रेगर यांनी खऱ्या इमारतींतल्या माणसांना विचारले, तेव्हा चित्र वेगळे निघाले. खिडकी उघडणारा, कपडे बदलणारा, पंख्याचे बटण हाताशी असणारा माणूस बाहेरच्या ऋतूबरोबर आपले सुखद तापमान सरकवतो. भारतात अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने पाच शहरांतल्या कार्यालयांत हीच पाहणी केली आणि २०१६ मध्ये भारतीय सूत्र प्रसिद्ध झाले : नैसर्गिक वायुवीजनाच्या इमारतीत बाहेरच्या गेल्या तीस दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ ने गुणा आणि १२.८३ मिळवा. ही सरासरी २९ असेल, तर उत्तर साडेअठ्ठावीस. त्याच्या वर-खाली सुमारे २.४ अंशांत नव्वद टक्के लोक समाधानी असतात, म्हणजे जवळजवळ एकतीसपर्यंत. एसीच्या चोवीसशी याची तुलना करून पाहा.

पण सूत्राची हद्द लक्षात ठेवा. ते बाहेरच्या सरासरी एकतीसच्या आसपासपर्यंतच लागू आहे. नागपूरचा मे त्याच्या बाहेर पडतो, तिथे रेघ लांबवून "लोकांना छत्तीस चालते" असे म्हणणे चूक आहे. सूत्रातले तापमान केवळ हवेचे नाही, त्यात छताची झळ धरलेली आहे. आणि पाहणीतल्या लोकांच्या डोक्यावर पंखे फिरतच होते, म्हणून पंख्याची सूट त्यावर पुन्हा जोडताना हात आखडता घ्या. पत्र्याच्या छताखाली माणसे राहतात, त्यांना सवय असते, असे एखाद्या बैठकीत कोणी ॲडॅप्टिव्ह कम्फर्टच्या नावाने म्हणाले, तर त्याला तिथेच थांबवा. सोसणे आणि जुळवून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुळवून घ्यायला उघडणारी खिडकी, हाताशी बटण आणि डोक्यावर न तापणारे छत लागते.

तुम्हा सर्वांना माझी एक विनंती आहे. या मे महिन्यात आपण बांधलेल्या एका तरी इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर रात्री नऊला जा. इन्फ्रारेड तापमापक आधी भिंतीवर धरा, मग छतावर. काळा रंग दिलेला टेबल टेनिसचा चेंडू साध्या तापमापकाच्या टोकावर बसवला की तुमचा गोळाही तयार होतो. छत भिंतीपेक्षा तीन-चार अंश जास्त दाखवत असेल तर दोष पंख्याचा नाही, गच्चीचा आहे. ते आकडे घरमालकाला दाखवा आणि आपल्या पुढच्या नकाशात, पंख्याच्या पॉइंटच्या आधी, गच्चीच्या थराची रेघ काढा.