राजा चांगला होता, मग लोक का मेले?

(मंडळाच्या आंतरशालेय वादविवाद स्पर्धेत, माध्यमिक गटात, वडोदऱ्याच्या दोन विद्यार्थ्यांनी मिळून तयार करून सादर केलेले भाषण. विषय : 'इतिहासात सामान्य माणसाचे हित राजेशाहीने अधिक साधले की लोकशाहीने?' बाजू : लोकशाही.)



वडोदऱ्यात उभे राहून राजेशाहीच्या विरुद्ध बोलणे म्हणजे ज्या वडाच्या सावलीत वाढलो त्यालाच दगड मारणे, असे आमच्या घरी आम्हांला आधीच सुनावण्यात आले आहे. चिठ्ठीत ही बाजू आली तेव्हा आजी म्हणाली, "महाराजांबद्दल वावगा शब्द काढलात तर रात्री जेवायला माझ्या घरी येऊ नका." तेव्हा जेवणाची काळजी घेऊनच आम्ही बोलणार आहोत.

आमच्या आधी बोललेल्या मित्रांनी शिवछत्रपतींच्या आज्ञापत्राचा उल्लेख केला. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागू नये ही त्यामागची काळजी आम्हांला मान्य आहे. मग ते सयाजीराव महाराजांकडे आले. तेथे तर आम्ही त्यांच्याहून चार पावले पुढे जातो. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सबंध बडोदे संस्थानात महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, मुलग्यांना आणि मुलींनाही. मूल शाळेत धाडले नाही तर आईबापांना दंड होई. आमची पणजी शाळेत गेली ती तिच्या वडिलांना शिक्षणाची आवड होती म्हणून नव्हे, दंडाची भीती होती म्हणून. ती सही करू शकत असे, पोथी वाचू शकत असे. हे ऋण आम्ही नाकारत नाही.

याच सुमारास गोपाळ कृष्ण गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानसाठी असेच विधेयक आणले. १९१२ मध्ये ते केंद्रीय कायदे मंडळात ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. आणि स्वतंत्र भारताचे काय? राज्यघटनेने दहा वर्षांत सर्व मुलांना शिक्षण देण्याचे म्हटले होते, पण शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० रोजी. म्हणजे बडोद्याच्या १०४ वर्षांनंतर. हा मुद्दा विरुद्ध बाजूचे मित्र मांडतील म्हणून आम्हीच मांडून टाकला. शाळेच्या बाबतीत सयाजीराव जिंकले.

पण मित्रहो, हे सयाजीराव आले कुठून? १८७५ पर्यंत ते नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचे गोपाळराव होते, बारा वर्षांचे, अक्षरओळख नसलेले. त्यांना दत्तक घेतले गेले, कारण त्यांच्या आधीचे मल्हारराव गादीवरून उतरवले गेले होते. मल्हाररावांचे नाव वडोदऱ्यात सोन्याच्या तोफांसाठी निघते. थोरल्या भावाने चांदीच्या तोफा केल्या म्हणून यांनी सोन्याच्या ओतून घेतल्या. त्यांच्या कारभाराविरुद्ध शेतकऱ्यांच्या इतक्या तक्रारी आल्या की १८७३ मध्ये ब्रिटिशांना चौकशी मंडळ नेमावे लागले. पुढे रेसिडेंटवर विषप्रयोगाचा आरोप झाला, दुसरी चौकशी झाली, तिच्यातले सहा सभासद एकमत होऊ शकले नाहीत, आणि तरीही मल्हारराव गेले. त्यांना काढणारे हात कलकत्त्यातल्या सरकारचे होते. ज्या शेतकऱ्याने जास्त सारा भरला त्याचे बोट त्यात कुठेही नव्हते. आणि मल्हाररावांनंतर कवळाण्याचा तो हुशार मुलगा मिळाला, यातही त्याचे बोट नव्हते. दोन्ही वेळा प्रजा बाजूला उभी होती. एकदा नशीब फुटके निघाले, एकदा चांगले निघाले.

विरुद्ध बाजू म्हणेल की नशिबाने का होईना, चांगला राजा मिळाला तर मिळाला. म्हणून आम्ही सर्वांत चांगल्या राजाचीच परीक्षा घ्यायचे ठरवले, आणि तीही अशा प्रसंगी, जेव्हा सामान्य माणसाला सरकारची गरज सर्वांत जास्त असते. तो प्रसंग म्हणजे दुष्काळ.

संवत १९५६, म्हणजे १८९९–१९००. गुजरातेत आजही त्याला 'छप्पनियो' म्हणतात. पाऊस जवळजवळ झालाच नाही. गुजरातला अशा दुष्काळाची सवय नव्हती, विहिरी आटल्या, चारा संपला, ढोरे मेली, आणि ढोरे मेल्यावर नांगर ओढायला काही उरले नाही. महाराज स्वस्थ बसले नव्हते. संस्थानाने कामे काढली, तगाई दिली, अन्नाची सोय केली. आता दोन आकडे फक्त ऐका. १८९१ च्या जनगणनेत बडोदे संस्थानची लोकसंख्या सुमारे २४ लाख १५ हजार होती. १९०१ मध्ये ती सुमारे १९ लाख ५३ हजार झाली. दहा वर्षांत जवळजवळ पाचवा हिस्सा नाहीसा. हे सगळे भुकेनेच मेले असे आम्ही म्हणत नाही. कॉलऱ्याने गेले, गाव सोडून गेले, मुले जन्मलीच नाहीत. पण ज्या काळात माणसे वाढायला हवीत त्या काळात साडेचार लाखांहून अधिक माणसे कमी झाली, आणि ती हिंदुस्थानातल्या सर्वांत प्रगत राजाच्या राज्यात.

शेजारच्या ब्रिटिश गुजरातेतही हेच झाले, हे खरे. पण तेथेही राज्य राणीच्या नावाने चाले आणि कलेक्टरला निवडणारा शेतकरी नव्हता. दोन्हीकडे उपाशी माणूस अर्जदार होता.

आता दुसरा दुष्काळ. १९७२, महाराष्ट्र. आधीची दोन वर्षे पाऊस कमी, आणि त्या वर्षी तर बहुतेक पठारावर ज्वारी-बाजरी बुडाली. आमच्या नात्यातल्या सोलापूरकडच्या मंडळींकडून मिलोच्या लाल ज्वारीच्या भाकरीच्या गोष्टी आम्ही ऐकल्या आहेत. ती भाकरी कुणालाच आवडली नव्हती. धान्य कमी होते, पण छप्पनियासारखी माणसे मेली नाहीत. मृत्यू थोडे वाढले, गावेच्या गावे ओस पडली नाहीत. का?

दुष्काळात माणूस बहुधा धान्य नसल्यामुळे नव्हे, तर धान्य विकत घेण्याचे पैसे नसल्यामुळे मरतो. शेतमजुराची मजुरी शेतावर असते. शेत वाळले की मजुरी थांबते, भाव मात्र चढतात. आगगाडीने धान्य आणून बाजारात ओतले तरी ज्याच्या कनवटीला पैसा नाही त्याच्या पोटात ते जात नाही. म्हणून खरा उपाय एकच : त्याच्या गावाजवळ काम काढायचे आणि मजुरी द्यायची. १९७२-७३ मध्ये हे झाले. खडी फोडणे, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा जेमतेम पाच कोटी. म्हणजे दहातला एक माणूस सरकारच्या कामावर.

कामे काढण्याची कल्पना सयाजीरावांनाही माहीत होती. मग फरक कशात पडला? आम्ही आधी समजत होतो की मतांच्या भीतीने. पण तारीख पाहिल्यावर हे उत्तर चुकीचे निघाले. विधानसभेची निवडणूक मार्च १९७२ मध्ये झाली होती, पुढची पाच वर्षे दूर होती. फरक मधल्या दिवसांत पडला. काम बंद झाले की मजूर तहसील कचेरीवर मोर्चा नेत. मजुरी थकली की वर्तमानपत्रात छापून येई. विरोधी पक्षाचे आमदार विधिमंडळात तालुक्याचे नाव घेऊन विचारत. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर बायकांना घेऊन लाटणी हातात धरून महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. राजाच्या कारभारात खालची बातमी वर पोहोचते ती अधिकाऱ्याच्या अहवालातून, आणि आपल्या तालुक्यात सर्व ठीक आहे असे लिहिण्यात प्रत्येक अधिकाऱ्याचा फायदा असतो. लोकशाहीत ती बातमी दहा तोंडांनी वर जाते, त्यातली नऊ अधिकाऱ्याला नको असतात.

आणि पुढची गोष्ट. दुष्काळ संपल्यावर काम संपले असते तर आम्ही ही तुलना केली नसती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीपासून रोजगार हमीची कल्पना मांडली होती. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, १९७९ मध्ये तो लागू झाला. ग्रामीण भागातला कोणीही प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागू शकतो, पंधरा दिवसांत ते द्यावे लागते, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यावा लागतो. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर. पगारातून तो कापला जातो तेव्हा लोक कुरकुरतात, पण तो कशासाठी सुरू झाला हे आम्हांला ही तयारी करतानाच कळले. सयाजीरावांची तगाई ही मेहेरबानी होती, कितीही मोठ्या मनाची असली तरी. हा कायदा हक्क होता.

आम्ही बढाई मारत नाही. याच १९७२ मध्ये मजुरी आठवडे थकत होती, गुरे मेली, खडी फोडताना बायकांचे हात सोलले. आणि लोकशाही ज्या भुकेची बातमी होते ती थांबवते, जी रोजची असते ती तिला दिसत नाही. मेळघाटातली कुपोषित मुले एका दिवसात मरत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी मोर्चा निघायला वर्षे लागतात. येथे विरुद्ध बाजूने आम्हांला जरूर धरावे. पण आमची विनंती एवढीच, की त्यासाठी त्यांनी सयाजीरावांकडे जाऊ नये.

आणखी एक. १९०८ मध्ये बडोद्यात धारासभा स्थापन झाली, ती खुद्द महाराजांनी केली. तिला अधिकार फार थोडे होते. तरीही सर्व सत्ता हातात असलेल्या माणसाला आपल्यासमोर कुणीतरी बसून प्रश्न विचारावेत असे वाटले, याचा अर्थ विरुद्ध बाजू कसा लावते हे ऐकायला आम्ही उत्सुक आहोत.

आमची घंटा वाजली आहे, तेव्हा एकच प्रश्न ठेवून बसतो. साल १८७२ आहे. तुम्ही पेटलाद परगण्यातले शेतकरी आहात. सारा वाढला आहे, पीक अर्धे आले आहे, आणि गादीवर मल्हारराव आहेत. तीन वर्षांनी कवळाण्याहून एक मुलगा येणार आहे हे तुम्हांला माहीत नाही. त्या संध्याकाळी तुम्ही कुणाच्या दाराशी जाल?