लाजऱ्या बीची गोष्ट



सात वर्षांच्या मुलाला लाजऱ्या बीची गोष्ट सांगताना आपण घाई करतो. एखादं मोठं झाड बीला म्हणतं, "घाबरू नकोस!" आणि बी लगेच उगवते. भिडस्त मुलाला हे पटत नाही. त्यालाही हेच रोज सांगितलं जातं आणि भीती जागच्या जागी राहते. म्हणून बी खरोखर कशी उगवते, तेच गोष्टीत येऊ द्यावं. मी राजम्याची बी घेते.

"एका मोठ्या बागेत राजम्याची बी मातीत दोन बोटं खोल निजली होती. वर साळुंक्या भांडत होत्या, माणसं धपधप चालत होती. बी म्हणाली, 'बाग केवढी मोठी! मी नाही वर येणार.'

शेजारून गांडूळ चाललं होतं. ते म्हणालं, 'नको येऊस. तहान लागलीय का?'

'हो.'

'मग पाणी पी.'

बी पाणी प्यायली. तिची साल आधी सुरकुतली, मग बी टम्म फुगली. टर्र! साल फाटली.

'आता एक पाय खाली सोड.'

बीने पांढरा पाय खाली सोडला. त्याला बारीक बारीक केस फुटले. केसांनी माती घट्ट धरली.

'आता मी पडणार नाही,' बी म्हणाली. 'वर डोकावू?'

'डोकाव. मान खालीच असू दे.'

बीने मान खाली घातली आणि वाकल्या पाठीने माती उचलली. पाठीवर ऊन पडलं. मग हळूहळू तिने मान वर केली. बाग मोठीच होती. पण आता बीसुद्धा बागेतली होती."

यातलं बोलणं तेवढं कल्पनेचं; बाकी सगळं शेतात घडतं. राजम्याचं मूळ आधी खाली जातं, मग देठ वर येतो, तोही आकड्यासारखा वाकून. शेंड्याचा कोवळा कोंब सरळ घुसला तर मातीने खरचटेल, म्हणून वाकलेला देठ वाट काढतो. उजेड लागला की आकडा उलगडतो. बीची खाली घातलेली मान हा तिचा दोष नाही, ती तिची वर येण्याची रीत आहे. म्हणून गोष्टीत मी तिचा लाजरेपणा घालवत नाही.

गोष्ट ऐकल्यावर मूल बी पेरतं आणि रोज उकरून पाहतं. त्यात मुळांचे केस तुटतात, कधी मूळच मोडतं. त्याला रागावू नका. काचेच्या पेल्यात कडेने ओला टिपकागद लावा आणि काच व कागद यांच्यामध्ये बी ठेवा. कागद ओलसर राहील इतकंच पाणी घाला. बी पाण्यात बुडाली तर कुजते आणि वास येतो. साधारण आठवड्याभरात गोष्टीतला पाय आणि वाकलेली मान दोन्ही दिसतील. गांडुळाने बीला खरं सांगितलं होतं का, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहता येईल.