कॅप्टन किडचे दोन कागद



वर्गातल्या मंडळींनी मला गळ घातली, "तू बोटीवर आयुष्य काढलंस, समुद्री चाच्यांवर बोल." आता माझं निम्मं आयुष्य बोटीची कागदपत्रं सांभाळण्यात गेलं. चाचा एकही भेटला नाही. तेव्हा गोष्ट चाच्याची सांगतो, पण कागदाची.

सतराव्या शतकात युरोपातल्या राजांना आरमाराचा खर्च झेपत नसे. युद्ध लागलं की राजा खाजगी बोटींना सनद द्यायचा, शत्रूची व्यापारी जहाजं पकडण्याची. या बोटींना म्हणत प्रायव्हेटीअर. सनद नसताना तेच काम केलं, तर तो चाचा आणि शिक्षा फाशी. सनदेला एक मोठी अट असे. पकडलेलं जहाज बंदरात आणून आरमारी न्यायालयापुढे उभं करायचं. माल शत्रूचाच, असा निकाल लागला की मगच वाटणी. तोवर एक गाठोडंसुद्धा विकायचं नाही. (आपल्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रज चाचे म्हणत. ते तर मराठ्यांचे सरखेल होते आणि त्यांचं दस्तक न घेणारी जहाजं पकडत. चाचा कोण, हे सनद कुणाची मानता त्यावर ठरतं.)

विल्यम किड हा स्कॉटिश कप्तान. १६९६ साली इंग्लंडच्या राजाने त्याला सनद दिली, फ्रेंच जहाजं पकड आणि चाचेही पकड. खर्च केला लंडनच्या बड्या सरदारांनी, आपली नावं फारशी पुढे न आणता. बोट 'ॲडव्हेंचर गॅली', ३४ तोफा, शिवाय वल्हीसुद्धा. खलाशी सुमारे दीडशे, आणि त्यांचा करार असा की लूट नाही तर पगार नाही. माझ्या मते सगळा घोटाळा इथेच पेरला गेला होता.

हिंदी महासागरात कित्येक खलाशी रोगाने मेले. फ्रेंच जहाज काही दिसेना. १६९७ च्या ऑगस्टमध्ये किड तांबड्या समुद्राच्या तोंडाशी मोख्याहून परतणाऱ्या जहाजांवर चालून गेला. त्यांच्या सोबतीला ईस्ट इंडिया कंपनीची तोफांची बोट होती, त्यामुळे त्याला पळावं लागलं. मग तो कारवारला, आणि पुढे मलबारकडे. बोटीवर कुरबुर वाढली. ऑक्टोबरमध्ये विल्यम मूर नावाच्या गोलंदाजाशी वाद झाला, तेव्हा किडने लोखंडी कड्यांची बादली त्याच्या डोक्यात घातली. मूर दुसऱ्या दिवशी मेला.

३० जानेवारी १६९८ ला 'केदा मर्चंट' दिसलं. हे जहाज बंगालहून सुरतेला चाललं होतं. त्यात आर्मेनियन व्यापाऱ्यांचं रेशीम, मलमल, साखर, अफू असा माल होता, आणि मुघल दरबारातल्या एका अमीराचाही वाटा होता. त्या काळी व्यापारी जहाजं वेगवेगळ्या देशांचे पास जवळ ठेवत आणि समोर ज्याचं निशाण, त्याचा पास पुढे करत. किडला हे ठाऊक होतं. त्याने फ्रेंच निशाण चढवलं. जहाजावरून फ्रेंच पास आला, आणि किड म्हणाला, सापडलं फ्रेंच जहाज! कप्तान मात्र इंग्रज निघाला. किड पुढे सांगत असे, की मला जहाज सोडायचं होतं, खलाशांनी सोडू दिलं नाही. नोव्हेंबरमध्ये पकडलेल्या एका छोट्या जहाजाचाही असाच पास त्याच्याकडे होता.

पण न्यायालय हजारो मैलांवर आणि खलाशी पैशासाठी घायकुतीला आलेले. किडने बराच माल किनाऱ्यावरच विकला आणि पैसे वाटले. मादागास्करला पोचल्यावर बहुतेक खलाशी त्याला सोडून एका खऱ्याखुऱ्या चाच्याला जाऊन मिळाले.

इकडे सुरतेला मुघल अधिकाऱ्यांनी कंपनीला धारेवर धरलं. तीन वर्षांपूर्वी हेन्री एव्हरीने बादशहाचं 'गंज-ए-सवाई' लुटलं, तेव्हा इंग्रज वखारीतली माणसं कोंडली गेली होती. कंपनीचा व्यापार वाचवायला एक अपराधी हवा होता, आणि लंडनचे सरदार किडला ओळख दाखवायला तयार नव्हते.

अमेरिकेत परतल्यावर किडने ते दोन पास गव्हर्नर बेलोमाँटच्या हवाली केले. बेलोमाँट या मोहिमेतला त्याचाच भागीदार. त्याने १६९९ च्या जुलैमध्ये बोस्टनला किडला अटक केली आणि पास लंडनला धाडले. मे १७०१ मध्ये खटला उभा राहिला. किड पास मागत राहिला, पण ते काही सापडले नाहीत. मूरचा खून आणि चाचेगिरी, दोन्ही आरोप शाबीत झाले. २३ मे रोजी थेम्सकाठी फाशी देताना पहिला दोर तुटला, त्याला पुन्हा चढवलं.

दोन्ही पास विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या सरकारी दप्तरखान्यात सापडले. ते वेळेवर मिळते तर किड सुटला असता का? मूरच्या खुनातून तर नाहीच. चाचेगिरीच्या आरोपाला उत्तर देता आलं असतं. पण मलबारला विकलेल्या मालाचा निकाल कुठल्या न्यायालयाने दिला, हा प्रश्न कुणी विचारला असता, तर त्याच्याकडे दाखवायला तिसरा कागद नव्हता.